टेलिप्रॉम्प्टरवर वाचताना नजर खाली का घसरते आणि वेग कसा बसवायचा

प्रश्न: माझं नागपूरला बर्डीवर कूलर-पंख्यांचं दुकान आहे. दुकानासाठी दोन-दोन मिनिटांचे उभे व्हिडिओ काढतो. फोनमध्येच टेलिप्रॉम्प्टर अ‍ॅप टाकलं, समोरच्या कॅमेऱ्याने शूट करतो, पण मी वाचून राहिलो हे साफ दिसते. डोळे फिरतात, आवाजही एकसुरी येते. स्पीड किती ठेवू?

उत्तर:

स्पीडचा आकडा सांगून काही उपयोग नाही. एका अ‍ॅपमधला ३० म्हणजे दुसऱ्या अ‍ॅपमधला ३० नव्हे. त्याच अ‍ॅपमध्ये अक्षर मोठं केलं तरी तोच ३० वेगळा चालतो, कारण मजकूर लांबतो आणि संपायला जास्त वेळ घेतो. म्हणून वेग सगळ्यांत शेवटी बसवायचा. शिवाय वेग आणि नजर या दोन तक्रारी वेगळ्या नसतात, बऱ्याचदा एकीतूनच दुसरी येते.

आधी तुमचा जुना व्हिडिओ आवाज बंद करून बघा. सुरुवातीच्या दहाव्या सेकंदाला थांबवा आणि संपायच्या दहा सेकंद आधी पुन्हा थांबवा. दोन्ही ठिकाणी पापण्या कुठे आहेत ते ताडून पाहा. शेवटी पापण्या जास्त झुकलेल्या दिसल्या तर तुम्ही अ‍ॅपच्या पुढे पळताय. वरची ओळ संपवून तुम्ही खालच्या ओळीवर, मग त्याच्याही खालच्या ओळीवर उतरलात आणि नजर लेन्सपासून लांब गेली. उलट डोळे वरच्या वर राहिले पण बोलणं धावायला लागलं, वाक्यांमधला श्वास गायब झाला, तर अ‍ॅप तुमच्या पुढे पळतंय. ओळ पडद्याबाहेर जायच्या आत ती पकडायची घाई आवाजात ऐकू येते.

आता मांडणी. उभा फोन हे तुमच्या फायद्याचं आहे. लेन्स वर असते आणि मजकूर तिच्या खाली येतो. बघणाऱ्याला थोडी खाली गेलेली नजर फारशी खुपत नाही, पण तेवढीच बाजूला गेलेली नजर लगेच कळते. फोन आडवा केला की लेन्स डाव्या किंवा उजव्या कडेला जाते आणि तुम्ही दोन मिनिटं कोणाच्या तरी कानाकडे बघून बोलताय असं वाटतं. त्यामुळे आडवा व्हिडिओ लागणारच नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

लेन्स डोळ्यांच्या बरोबर उंचीवर ठेवा. काउंटरवर डब्याला टेकवून ठेवलेला फोन हमखास छातीच्या उंचीवर येतो, मग मजकूर कितीही नीट लावा, पापण्या पडलेल्याच राहतात. स्टँड हवाच. अंतर साधारण ८० सेंटीमीटर ठेवा, म्हणजे हात लांब केला तर बोटं फोनला जेमतेम पोचणार नाहीत. मजकुराची चौकट वर सरकवून लेन्सच्या अगदी खाली लावा आणि वाचायची खूण, म्हणजे बहुतेक अ‍ॅपमध्ये असतो तो बाण किंवा रेघ, दुसऱ्या ओळीवर आणा. चौकटीमागे स्वतःचा चेहरा दिसत असेल तर मजकुराची पार्श्वभूमी पूर्ण काळी करा. स्वतःचा चेहरा दिसला की डोळा तिकडे जाणारच. काळ्यावर पांढरी अक्षरं ठेवायचं आणखी एक कारण चष्मा. पांढऱ्या पडद्याचं प्रतिबिंब काचेत पडतं, आणि त्यात ओळी वर सरकताना दिसल्या की विषयच संपला. तुमचा चष्मा दुहेरी भिंगाचा असेल तर एवढ्या अंतरावरचं वाचायला तुम्ही नकळत हनुवटी वर करून खालच्या भिंगातून बघाल. तसं होत असेल तर वरच्या भिंगातून वाचता येईल इतकं अक्षर वाढवा.

डोळे डावीकडून उजवीकडे फिरताना दिसतात ते ओळीच्या लांबीमुळे. यावर सगळे सांगतात, फोन लांब ठेवा. हे अर्धंच खरं आहे. फोन लांब नेला आणि दिसत नाही म्हणून अक्षरही त्याच प्रमाणात मोठं केलं, तर डोळ्यांना फिरावं लागतं ते तेवढंच. लांब जाण्याने फायदा होतो तो लेन्स आणि मजकूर यांच्यातलं अंतर डोळ्याला कमी भासण्यापुरता. डोळ्यांचं फिरणं कमी करायचं असेल तर ओळीतली अक्षरंच कमी करावी लागतात. ८० सेंटीमीटरवर पाच मिलिमीटर उंचीचं अक्षर बहुतेकांना आरामात वाचता येतं. ते ठरलं की दोन्ही बाजूंचा समास वाढवत न्या, एका ओळीत दहा-बारा अक्षरं, म्हणजे दोन-तीन शब्द उरेपर्यंत. एवढी ओळ एका नजरेत मावते, डोळा तिच्या मधोमध ठेवला तरी दोन्ही टोकं वाचता येतात. ओळींमधलं अंतर थोडं वाढवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांत अडकतात.

पण अक्षर हौसेने फार मोठंही करू नका, आणि याचं कारण खास आपल्या भाषेतलं आहे. मराठी वाक्याचं क्रियापद शेवटी येतं, ‘नाही’ तर त्याच्याही नंतर. पडद्यावर तीनच ओळी मावत असतील तर वाक्य सुरू करताना ते कुठे जाणार हेच ठाऊक नसतं. हे वाक्य घ्या: ‘उन्हाळा लागायच्या आधी कूलरची टाकी स्वच्छ धुऊन जुन्या ताट्या बदलल्या नाहीत तर पाण्याला वास येतो.’ वाचणारा ‘टाकी स्वच्छ धुऊन’ हे सूचनेच्या सुरात म्हणतो, पुढे ‘नाहीत तर’ समोर येतं आणि सूर मध्येच बदलावा लागतो. तो अडखळलेला सूर, किंवा अडखळू नये म्हणून सगळंच सपाट म्हणणं, यालाच लोक ‘वाचल्यासारखं’ म्हणतात. तुमचा एकसुरीपणा बहुधा इथलाच. निदान पाच-सहा ओळी एका वेळी दिसल्या पाहिजेत, आणि वाक्य त्यात संपलं पाहिजे. तोच मजकूर असा लिहा:

कूलर लावायच्या आधी
दोन कामं करा.

टाकी घासून धुवा.
जुन्या ताट्या
काढून टाका.

हे केलं नाही,
तर पाण्याला
वास येतो.

ओळ तिथे तोडायची जिथे बोलताना जीभ थांबते. मोकळी ओळ म्हणजे श्वास. अ‍ॅप एकाच वेगाने सरकत राहतं, त्याला तुमचा विराम कळत नाही. मोकळी ओळ खुणेवरून जाईपर्यंत तुम्हाला आपोआप थांबावं लागतं. मात्र अक्षराचा आकार आणि समास पक्का झाल्यावरच ओळी तोडा. नंतर आकार बदलला तर प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द एकटा खाली घसरतो आणि सगळी मेहनत वाया जाते.

आकडे अक्षरांत लिहा. पडद्यावर ‘४७५०’ दिसलं की डोळा एक क्षण थबकतो आणि तोंडातून ‘चार हजार सातशे पन्नास’ येतं. गिऱ्हाइकाशी बोलताना तुम्ही ‘पावणेपाच हजार’ म्हणता, तर तेच लिहा.

एवढं झालं की वेग. मजकूर समोर एखादा माणूस आहे असं समजून मोठ्याने म्हणा, विराम घेऊन, आणि फोनच्या स्टॉपवॉचवर वेळ लावा. हे प्रॉम्प्टरवरून नको, कागदावरून. समजा २४० शब्दांना १३० सेकंद लागले, तर तुमचा वेग मिनिटाला साधारण ११० शब्द झाला. अ‍ॅप शब्दांच्या हिशोबात वेग घेत असेल तर ११० टाकून बघा. इंग्रजीसाठी दिलेले १४०-१५० चे आकडे उचलू नका. आपले शब्द प्रत्यय लागून लांब होतात, ‘दुकानातल्यांसाठीसुद्धा’ हा अ‍ॅपच्या लेखी एकच शब्द.

अ‍ॅपमध्ये नुसताच आकडा असेल तर न बोलता मजकूर पूर्ण सरकू द्या आणि पहिली ओळ खुणेवर आल्यापासून शेवटची ओळ खुणेवर येईपर्यंतचा वेळ मोजा. ४० वर ठेवून १०० सेकंद लागले आणि तुम्हाला १३० हवेत, तर ४० गुणिले १०० भागिले १३०, म्हणजे ३१ च्या आसपास. सगळ्या अ‍ॅपचे आकडे सरळ प्रमाणात चालत नाहीत, म्हणून ३१ लावून पुन्हा एकदा मोजा. दोन-चार सेकंदांचा फरक राहिला तर राहू द्या. ठरवता न आल्यास किंचित हळू ठेवण्यापेक्षा किंचित जलद बरं असं काही जण म्हणतात. माझं मत उलट आहे. हळू मजकुराची वाट बघता येते, पळणाऱ्या मजकुरामागे धावताना मात्र प्रत्येकाचा चेहरा ताणतो.

आवाज ऐकून आपोआप सरकणारी अ‍ॅपही असतात. तुमच्या अ‍ॅपमध्ये ती सोय असेल तर यादीत मराठी आहे का ते आधी बघा, आणि ‘वॅट’, ‘इन्व्हर्टर’, कंपन्यांची नावं यांनी भरलेला एक मिनिटाचा मजकूर म्हणून तपासा. एका शब्दावर अडकलं की ते तिथेच उभं राहतं. त्यापेक्षा ब्लूटूथचं छोटं रिमोट हातात ठेवून थांबवणं-चालू करणं जास्त भरवशाचं, फक्त तुमचं अ‍ॅप ते बटण ओळखतं का ते पाहून घ्या.

नागपूरचा उन्हाळा इथे मध्ये येतोच. शूट करताना दुकानातला कूलर बंद ठेवावा लागणार, नाहीतर ८० सेंटीमीटरवरच्या फोनला कूलरच जास्त ऐकू येईल. कॉलरचा माइक लावलात तरी पंख्याचा झोत त्यावर येऊ देऊ नका. कूलर बंद केला की खोली तापते, पूर्ण ब्राइटनेसवर कॅमेरा चालू असलेला फोन त्याहून तापतो आणि स्वतःच पडदा अंधुक करतो. अक्षरं पुसट झाली की तुम्ही डोळे बारीक करता, आणि वेगाचा गोंधळ नसतानाही तसा दिसतो. एप्रिल-मे मध्ये सकाळी शूट करा, एका दमात दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त घेऊ नका, आणि मधल्या वेळात फोनचं कव्हर काढून ठेवा.

एक खोड बऱ्याच अ‍ॅपमध्ये असते. मजकूर संपला की शेवटची ओळ पडद्याच्या तळाशीच थांबते, खुणेपर्यंत वर येतच नाही. मग ‘दुकानात नक्की या’ हे नेमकं खाली बघून म्हटलं जातं. मजकुराच्या शेवटी सात-आठ मोकळ्या ओळी टाका, प्रत्येक ओळीत नुसता एक ठिपका दिला तरी चालेल, कारण काही अ‍ॅप शेवटच्या रिकाम्या ओळी कापून टाकतात. पहिलं आणि शेवटचं वाक्य तेवढं पाठ करा आणि ती दोन्ही थेट लेन्सच्या ठिपक्याकडे बघून बोला. शेवटचा शब्द झाल्यावर दोन सेकंद तिथेच बघत राहा, मग हात बटणाकडे न्या.