गणपतीची आरास: मखर भरलेलं दिसावं, पण गर्दी वाटू नये

परदेशात राहणाऱ्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. भाड्याचा दोन खोल्यांचा फ्लॅट, पाच दिवसांचा गणपती, दहा इंचांची शाडूची मूर्ती आणि घरात अडीच वर्षांचा मुलगा. त्या लिहितात, "दरवर्षी हौसेने आरास करतो, पण फोटोत बाप्पा शोधावा लागतो. साड्या, माळा, दिवे, फळं, पूजेची भांडी सगळं एकत्र होतं. भिंतीला खिळे ठोकता येत नाहीत, आणि आरतीच्या वेळी धुराचा अलार्म वाजतो."

ताई, तुमच्या पत्रातलं "पूजेची भांडी" हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण बहुतेक घरांत पसारा सजावटीमुळे होतच नाही. ताम्हण, पळी-पंचपात्र, हळदीकुंकवाचा करंडा, अक्षता, कापसाची वस्त्रं, विड्याची पानं, सुपाऱ्या, पंचामृताच्या वाट्या, उदबत्तीचं घर, काडेपेटी हे सगळं चतुर्थीच्या सकाळी चौरंगापुढे मांडलं जातं आणि विसर्जनापर्यंत तिथेच राहतं. प्राणप्रतिष्ठेच्या तासाभरात ते हाताशी हवंच. त्यानंतरच्या पाच दिवसांत त्यातलं फार थोडं लागतं. म्हणून पूजेसाठी एक वेगळं, कडा असलेलं मोठं ताट किंवा छोटा टीपॉय ठेवा. पूजा करणाऱ्याच्या उजव्या हाताला तो मांडायचा आणि पूजा झाली की ताटासकट उचलून आत न्यायचा. मखरात राहतील ती फक्त देवाची माणसं, म्हणजे मूर्ती, तिच्या अंगावरची फुलं, दिवा, आणि समोर नैवेद्यासाठी मोकळी सोडलेली जागा. ही मोकळी जागा भरायचा मोह होतो, तो आवरा. मोदकांचं ताट आलं की तीच जागा शोभते.

आता टेबल. भिंतीला लावलेलं अरुंद टेबल जागा वाचवतं म्हणून सगळे तेच वापरतात, पण ते पंधरा इंच खोल असतं. त्यावर चौरंग ठेवला की दिवा पडद्याला टेकायच्या बेतात येतो. तुमच्याकडे अभ्यासाचं चार फूट लांब, दोन फूट खोल टेबल असेल तर पाच दिवसांसाठी तेच रिकामं करा. बारा इंचांचा चौरंग भिंतीपासून तीन इंच पुढे, बरोबर मधोमध ठेवा. त्याच्यापुढे नऊ इंच जागा उरते, तिथे नैवेद्य. टेबल तीस इंच उंच, चौरंग चार इंच, म्हणजे मूर्तीचा चेहरा जमिनीपासून साधारण साडेतीन फुटांवर येतो. पूजा उभं राहून करावी लागेल, पण छोट्याचा हात मागच्या बाजूला पोचणार नाही. ज्यांना बसूनच पूजा करायची आहे आणि घरात लहान मूल नाही, त्यांनी खुशाल खाली पाट मांडावा.

कापडाचा नियम मी एकच सांगेन. मागे नक्षी असेल तर खाली साधं, खाली नक्षी असेल तर मागे साधं. पैठणीचा पडदा, खणाचं आसन आणि वर जरीची ओढणी, तिन्ही सुंदर असूनही एकत्र आल्या की एकमेकींना मारतात. तुमच्या मूर्तीचं पीतांबर पिवळं आणि शेला लाल आहे, म्हणून मागे लाल-पिवळं टाळा. गर्द हिरवी किंवा निळी साडी असेल तर ती काढा. शंका असेल तर साडी भिंतीवर धरून मूर्तीसकट फोटो काढा आणि तो कृष्णधवल करून बघा. मूर्तीच्या कडा मागच्या कापडात विरघळल्या तर रंग कितीही आवडता असो, तो बदला.

साडी उभी न सोडता आडवी लावा. नेहमीची साडी साडेपाच मीटर लांब आणि सुमारे पंचेचाळीस इंच पन्ह्याची असते. तिची लांबीत एकदा घडी घातली की पावणेतीन मीटर उरते. पदराची बाजू मागे ठेवायची, कारण पदराची नक्षी मूर्तीशी स्पर्धा करते. हे कापड चार फुटांत चुण्या पाडून बसवलं की भरगच्च पडदा होतो आणि दोन्ही काठ आडवे येतात, एक वर तोरणासारखा आणि एक खाली टेबलालगत. टाचण्या रेशमाला भोकं पाडतात, म्हणून हलक्या लाकडी दांडीवर कापड घ्या आणि चिमट्यांच्या खाली सुती चिंधी ठेवा.

दांडीसाठी चिकटणारे हुक चालतात, पण लोक ते घाईत लावतात आणि मग ऐन आरतीत पडदा खाली येतो. जागा रबिंग अल्कोहोलने पुसून कोरडी होऊ द्या, हुक अर्धा मिनिट दाबून धरा आणि वजन तासाभराने लावा. हुकच्या पाकिटावर किती वजन पेलतं ते लिहिलेलं असतं, त्याच्या निम्म्याहून जास्त टांगू नका. वॉलपेपरवर किंवा नुकत्याच रंगवलेल्या भिंतीवर ते लावूच नका. तिथे कपडे टांगायचा पायांचा रॅक मागे उभा करणं जास्त भरवशाचं.

टेबलावरचं साधं कापड समोरून लोंबतं सोडू नका. घरात अडीच वर्षांचं मूल आहे, ते कोपरा ओढणारच. कडा आत दुमडून टेबलाखाली चिकटपट्टीने पक्क्या करा.

फुलांबद्दल ताईंनी फार काही विचारलेलं नाही, पण गर्दीचं दुसरं कारण तिथेच आहे. दहा इंचांच्या मूर्तीला मोठ्या झेंडूचा हार घातला की सोंड आणि हात झाकले जातात आणि दिसतो फक्त हार. परदेशातल्या फुलांच्या दुकानात छोटी, बटणाएवढी शेवंती बहुतेक वेळा मिळते. एकेक फूल पाऊण इंचाचं धरलं तर वीस-एकवीस फुलांत पंधरा-सोळा इंचांचा हार होतो, गळ्यातून मांडीपर्यंत नीट रुळणारा. देठ पूर्ण काढा आणि सुई फुलाच्या मधोमध घाला, म्हणजे सगळी तोंडं एका दिशेला राहतात. डोक्यावर एकच लाल फूल आणि दूर्वांची जुडी. जास्वंद नाही मिळाली तर लाल कार्नेशन किंवा गुलाब चालतो, देव रागावत नाही. दूर्वा भारतातून बॅगेत आणू नका. ताजी पानं-गवत आणायला बऱ्याच देशांत बंदी असते. उष्ण भागात हिरवळीसाठी लावतात ते बर्म्युडा ग्रास म्हणजे आपल्या दूर्वाच. फवारणी न केलेल्या जागेतून खुडून घ्या.

फुलं फक्त दोनच ठिकाणी ठेवा, मूर्तीवर आणि चौरंगाच्या पुढच्या कडेला एका ओळीत. पडदा, टेबलाचे पाय, खिडकी हे सगळं मोकळं राहू द्या. रंगही दोनच. पांढरी आणि पिवळी शेवंती घेतली तर लाल एकट्या बाप्पाच्या डोक्यावर दिसेल आणि नजर आपोआप तिथे जाईल.

फुलं आदल्या संध्याकाळी आणून देठ तिरके कापा, पाण्यात बुडतील ती पानं काढा आणि रात्रभर थंड जागी पाण्यात ठेवा. कार्नेशन घेतली असतील तर ती केळी-सफरचंदांपासून लांब ठेवा, पिकणाऱ्या फळांतून निघणाऱ्या वायूने ती लवकर मान टाकतात. हार घालण्याआधी झटकून पाणी काढणं मात्र विसरू नका. शाडू पाण्याने मऊ पडतो, रंग सुटतो, आणि झेंडूचा ओला केशरी डाग रेशमावरून सहज जात नाही. लिलीचे परागही तसेच डाग पाडतात, आणि घरात मांजर असेल तर लिली आणूच नये, तिला ती विषारी असते. रोजचं निर्माल्य झाकणाच्या टोपलीत काढा. कोमेजलेली फुलं तशीच राहिली आणि त्यांच्यावर नवी आली की तिसऱ्या दिवशी मखर उदास दिसायला लागतं.

आता दिवा. बऱ्याच घरांत देवाच्या उजव्या हाताला तुपाचं निरांजन आणि डाव्या हाताला तेलाची समई ठेवायची रीत आहे. तुमच्या टेबलावर ही दोन्ही पुढच्या दोन कोपऱ्यांत येतील, पडद्यापासून साधारण वीस इंच पुढे. प्रत्येकाखाली कडा असलेली पितळी ताटली हवी, सांडलेलं तेल कापडात उतरायला नको. ज्योतीच्या वर काहीही लोंबत नको, माळ नको, ओढणीचं टोकही नको. पॉलिएस्टरच्या जाळीच्या ओढण्या तर दिव्याजवळ नकोच, त्या पेटतात आणि वितळून चिकटतात. दिवे मांडण्याआधी एक उदबत्ती पेटवून टेबलाच्या कोपऱ्यात धरा. धूर सरळ वर गेला तर ठीक. वाकला तर हीटरचा किंवा एसीचा झोत तिथे येतो आहे, त्याची जाळी वळवा किंवा टेबल हलवा. ज्योत फडफडली की काजळी धरते. वारा नसतानाही काजळी येत असेल तर वात जास्त बाहेर आली आहे, ती थोडी मागे ओढा.

अलार्मला कापड बांधायचं नाही आणि त्याची बॅटरीही काढायची नाही, कारण घरात ज्योत आहे ते पाच दिवस तो चालू असायलाच हवा. मखर त्याच्यापासून दहा फूट तरी लांब मांडा. आरतीचा कापूर चिमूटभर घ्या, मोठी वडी नको, आणि ती पाच मिनिटं खिडकी उघडी ठेवा. धूप घालायचाच असेल तर बाल्कनीच्या दारात घाला.

छोट्यासाठी मी स्पष्टच सांगते. समई आरतीच्या वेळी पेटवा, एक मोठं माणूस तिच्याजवळ उभं राहू द्या, आणि आरती झाल्यावर वात तेलात ओढून ती शांत करा. बाकीच्या वेळी आणि रात्रभर बॅटरीचा दिवा ठेवा. अखंड नंदादीपाची तुमच्या घरची परंपरा असेल, तरी सगळे झोपलेले असताना कापडाजवळ ज्योत ठेवा असं मी सांगणार नाही.

विजेचा प्रकाश एकाच बाजूने, समोरून थोडा तिरका आणि पिवळसर द्या. बल्बवर २७०० के लिहिलेलं असेल तो रंग. दिवा बरोबर डोक्यावर असला की मुकुटाची सावली डोळ्यांवर पडते. लुकलुकणारी माळ लावायची हौस असेल तर ती स्थिर ठेवून पडद्यामागे सोडा. भारतातून आणलेली माळ अमेरिकेत किंवा कॅनडात लावणार असाल तर तिथला वीजदाब वेगळा असतो हे लक्षात ठेवा. नुसता पिन बदलणारा अ‍ॅडॉप्टर तो दाब बदलत नाही.

मांडणी चतुर्थीच्या आदल्या रात्री पूर्ण करा, मूर्तीच्या जागी तेवढ्याच उंचीचा डबा ठेवा आणि दारातून बघा. जे दिसल्यावर हे कशासाठी ठेवलं असा प्रश्न पडेल ते उचला. विसर्जनानंतर हुकची पट्टी भिंतीला समांतर, सरळ खाली, हळूहळू ओढा. पुढे खेचली तर रंग निघतो आणि घरमालकाशी वाद होतो.