‘रप्चर नाही’ असं लिहिण्याआधी: सुपरव्हिजनची नोंद कशी ठेवावी

प्रश्न: मी सायकोथेरपीचं प्रशिक्षण घेते आहे. प्रत्येक सेशननंतर अलायन्स रप्चर, म्हणजे क्लायंट आणि थेरपिस्ट यांच्या नात्यात आलेला ताण किंवा तडा, ते सांधायचा प्रयत्न आणि शिकण्याचं उद्दिष्ट यांची नोंद करायला सुपरव्हायझर मॅडमनी सांगितलंय. लिहायला बसले की एकतर ‘रप्चर नाही’ एवढंच लिहून मोकळी होते, नाहीतर दोन पानं भरतात आणि हाती काही लागत नाही. शिवाय सगळं खरं लिहिलं तर मूल्यमापनात मार खाईन अशी धास्ती वाटते. नोंदीत नेमकं काय लिहायचं?

उत्तर: समजावण्यासाठी रचलेली एक केस घेऊ. क्लायंटला ‘क-७’ म्हणू. चौतिशीची नोकरदार बाई, सततची काळजी आणि झोप न येणं अशी तक्रार. प्रशिक्षणार्थी तिच्यासोबत सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणाऱ्या पद्धतीने काम करते आहे. सहाव्या सेशननंतर तिने नोंद लिहिली: ‘क्लायंट सहकार्य करते. विचारांचा तक्ता भरला. थोडा रेझिस्टन्स. रप्चर नाही.’ पुढच्या वेळी क-७ पंधरा मिनिटं उशिरा आली आणि घरी करायचं काम तिने केलं नव्हतं.

या नोंदीत एकही वाक्य असं नाही जे रेकॉर्डिंगमध्ये ऐकून पडताळता येईल. ‘सहकार्य’ आणि ‘रेझिस्टन्स’ हे दोन्ही निष्कर्ष आहेत. कोण काय बोललं, हे कुठेच नाही. म्हणून नोंदीचा पहिला रकाना निष्कर्षाचा ठेवू नका, क्षणाचा ठेवा: रेकॉर्डिंगमधलं मिनिट आणि दोघींची वाक्यं जशीच्या तशी, चार ते सहा ओळी. रेकॉर्डिंगला संमती नसेल तर सेशन संपल्यावर लगेच आठवणीतून लिहा, आणि ‘आठवणीतून’ अशी खूण करा. संध्याकाळपर्यंत थांबलात तर आपली वाक्यं आपोआप शहाणी होतात.

क-७च्या सहाव्या सेशनचं रेकॉर्डिंग पुन्हा ऐकल्यावर अठराव्या मिनिटाला हे सापडलं:

क्लायंट: त्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर साहेब म्हणाले, ‘तुम्हाला हे जमणार नाही.’ मला तिथून उठून जावंसं वाटलं.
मी: त्या वेळी मनात कोणता विचार आला, तो तक्त्यात लिहूया का?
क्लायंट: (चार सेकंद गप्प) हो, लिहूया. तुम्ही म्हणाल तसं.

त्यानंतरची दहा मिनिटं तिची उत्तरं दोन-तीन शब्दांची आहेत. मीटिंगचा विषय परत निघालाच नाही. ‘लोक असेच असतात’ असं एक सर्वसाधारण वाक्य बोलून ती मोकळी झाली. हे रप्चर आहे, फक्त आवाज न करणारं.

रप्चर म्हटलं की क्लायंट चिडला, ‘याचा काही उपयोग होत नाही’ म्हणाला, असं चित्र डोळ्यांसमोर येतं. तो भिडण्याचा प्रकार, आणि तो नोंदीतून सहसा सुटत नाही. सुटतो तो मागे हटण्याचा प्रकार: पटकन होकार, विषय बदलणं, भावनेची गोष्ट कोरड्या सुरात सांगणं, अकारण माफी मागणं. थेरपिस्टला हे सगळं ‘सहकार्य’ वाटतं, कारण त्याने तिचं काम सोपं होतं. म्हणून नोंदीत प्रकाराचा रकाना हवाच: भिडली, मागे हटली, की दोन्ही. त्यालाच जोडून, ताण कशावरून आला तेही लिहा. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बॉर्डिन यांनी १९७९ मध्ये अलायन्सचे तीन भाग सांगितले: ध्येयावर एकमत, कामाच्या पद्धतीवर एकमत आणि आपसातला बंध. क-७च्या बाबतीत वरवर पाहता ताण तक्त्याचा, म्हणजे कामाचा होता. खरं तर आपलं ऐकलंच गेलं नाही, हे तिला लागलं होतं. दोन्ही खुणा करा. एकच निवडायची सक्ती नको.

अर्थात प्रत्येक शांतता रप्चर नसते. तुलना त्या क्लायंटच्या नेहमीच्या वागण्याशी करायची. मुळातच कमी बोलणारा माणूस कमी बोलला, यात नोंदवण्यासारखं काही नाही. क-७ पहिल्या पाच सेशनमध्ये भरभरून बोलत होती, म्हणून ते ‘तुम्ही म्हणाल तसं’ ठळक दिसतं.

सेशनच्या शेवटी क्लायंटकडून सेशन रेटिंग स्केल, म्हणजे सेशन कसं वाटलं याची छोटी प्रश्नावली, भरून घेत असाल तर एक सावधगिरी. त्यात दहा सेंटिमीटरच्या चार रेषा असतात, एकूण गुण ४०. ३६च्या खाली गेलं की क्लायंटशी बोलायचं, असा संकेत आहे. पाचव्या सेशनला क-७ने ३५ दिले होते, सहाव्याला थेट ४०. प्रशिक्षणार्थीने ते यश म्हणून लिहिलं. पण दुखावलेला आणि भिडस्त माणूस पूर्ण गुण देऊन विषय मिटवू शकतो. नोंदीत आकड्याशेजारी मागचा आकडा लिहा आणि बदलाला सेशनमध्ये काही आधार दिसतो का, ते विचारा.

पुढचा रकाना ‘माझा वाटा’. इथे आत्मटीकेचा परिच्छेद लिहिण्याचा मोह होतो, तो टाळा. दोनच गोष्टी पुरेत: त्या क्षणाच्या आधी मी काय केलं आणि मला काय वाटत होतं. ‘तक्ता आज पूर्ण व्हायलाच हवा असं मनात होतं. अपमानाची गोष्ट ऐकून अवघडले.’ एवढ्या दोन वाक्यांवर सुपरव्हिजनचा तास नीट खर्ची पडतो. ‘मी चांगली थेरपिस्ट नाही’ या वाक्यावर सुपरव्हायझरला धीर देत बसावं लागतं आणि तास तिथेच संपतो.

आता सांधण्याचा प्रयत्न. ‘रप्चरवर चर्चा केली’ असं लिहिलेलं आढळलं की समजावं, नेमका कामाचा भाग गाळला गेलाय. आपलं वाक्य आणि क्लायंटचं लगेच आलेलं उत्तर, अशी जोडी लिहा. सातव्या सेशनमध्ये दोन प्रयत्न झाले. पहिला: ‘घरचं काम झालं नाही, काही अडचण आली का?’ उत्तर: ‘नाही नाही, वेळच मिळाला नाही. सॉरी.’ हा फसला, कारण प्रश्नात हिशेब क्लायंटकडेच मागितला गेला. दुसरा, पंचविसाव्या मिनिटाला: ‘मागच्या वेळी तुम्ही मीटिंगचं सांगत होतात आणि मी लगेच तक्ता पुढे केला. तुम्ही जरा गप्प झालात असं मला वाटलं. माझी घाई झाली का?’ उत्तर: ‘नाही... म्हणजे, मला वाटलं तुम्हाला ते तेवढं महत्त्वाचं वाटलं नाही.’

दुसऱ्या प्रयत्नात ठरावीक क्षण सांगितला आहे, आपला वाटा आधी घेतला आहे आणि नाकारायला वाव ठेवला आहे. क्लायंटने तो ‘नाही’ वापरलाही, पण पुढे स्वतःच्या शब्दांत नवी गोष्ट सांगितली. रप्चर सांधलं जातंय याची खूण तीच. ‘नाही हो, तसं काही नाही’ एवढ्यावर उत्तर थांबलं तर सांधलं असं लिहू नका.

पुढे काय झालं? प्रशिक्षणार्थी ‘सांगितलंत ते बरं झालं’ म्हणाली आणि जवळजवळ दोन मिनिटं तक्त्याचा उपयोग समजावत राहिली. क-७ म्हणाली, ‘हो, बरोबर आहे तुमचं.’ म्हणजे परत मागे हटली. नोंदीत निकाल ‘अर्धवट’. या रकान्यात चारच पर्याय ठेवा: सांधलं, अर्धवट, सांधलं नाही, प्रयत्न केला नाही. चौथा पर्याय लाजेचा नाही. ताण तक्त्याचाच असता तर त्यावर काही न बोलता तक्ता बाजूला ठेवून ऐकत राहणंही चाललं असतं. मग तसं आणि का, ते लिहायचं.

सगळी नोंद ए-फोरच्या एका पानात बसते. भरलेला नमुना असा:

क-७, सेशन ७. रेकॉर्डिंग आहे. जोखीम: नवीन काही नाही.
क्षण: २५ ते २९ मिनिटं, वाक्यं सोबत. मागे हटणं, काम आणि बंध.
माझा वाटा: नाराजी ऐकताच छातीत धडधडलं; स्पष्टीकरण द्यायला लागले.
प्रयत्न आणि उत्तर: दोन, पहिला फसला, दुसरा अर्धवट.
सुपरव्हिजनसाठी प्रश्न: नाराजी कानावर पडली की मी समजवायला का लागते?
उद्दिष्ट (पुढची तीन सेशन): नाराजी ऐकल्यावर माझी पहिली दोन वाक्यं तिच्या म्हणण्याबद्दलच. स्पष्टीकरण तिने विचारलं तरच.
सुपरव्हिजनमध्ये ठरलेलं: (नंतर भरायचं)
आज सुपरव्हिजनमध्ये मनातच राहिलेलं: (नंतर भरायचं)

प्रश्न एकच आणि उद्दिष्टही एकच. ‘एम्पथी वाढवणे’ हे उद्दिष्ट गाठलं की नाही, ते कुणालाच ठरवता येत नाही. वरचं उद्दिष्ट रेकॉर्डिंग ऐकून मोजता येतं: नाराजीचे किती क्षण आले आणि त्यांपैकी किती वेळा पहिली दोन वाक्यं तिच्या म्हणण्यावर राहिली. तीन सेशनमध्ये असा क्षण आलाच नाही तर सुपरव्हिजनमध्ये तोच प्रसंग रोल-प्लेने करून बघा, आणि उद्दिष्ट पुढे न्या.

शेवटचा रकाना बऱ्याच तयार तक्त्यांत नसतो. आमच्या मते तो असायलाच हवा. सुपरव्हायझरसमोर ‘हो मॅडम, बरोबर आहे’ म्हणून प्रशिक्षणार्थी गप्प होते, तेव्हा क-७ तिच्यासमोर जे करत होती तेच ती करत असते. हे साम्य कागदावर आलं की त्यावर बोलता येतं.

मूल्यमापनाची धास्ती निराधार नाही. सुपरव्हायझरच्या हातात निकाल असतो आणि प्रशिक्षणार्थी बरंच काही सांगत नाहीत, हे या क्षेत्रात सर्वांना ठाऊक आहे. त्यावर धीराने भागत नाही, करार लागतो. सुरुवातीलाच विचारून लेखी घ्या: ही नोंद कोण वाचणार, तिचा कोणता भाग मूल्यमापनात जाणार आणि गुण कशाला. रप्चरच्या संख्येला गुण असतील तर कुणीच रप्चर लिहिणार नाही. क्षण नेमका टिपला का, प्रयत्न आणि उत्तर यांची जोडी आहे का, उद्दिष्टावर काम दिसतं का, यांना गुण असतील तर खरं लिहिणं परवडतं. एक अपवाद कराराबाहेरचा: आत्महत्येचा विचार, हिंसा किंवा बालकाला धोका दिसला तर नोंदीची वाट न बघता त्याच दिवशी सुपरव्हायझरला फोन करायचा.

ही नोंद क्लायंटच्या फाईलमध्ये लावू नका. फाईलमध्ये उपचाराची नोंद जाते, इथे तुमच्या शिकण्याची. नाव, नोकरीचं ठिकाण, ओळख पटेल असा तपशील नको; कोड आणि नावांची यादी वेगळ्या, कुलूपबंद जागी. तरीही, मागणी झाली तर ही नोंद दुसऱ्या कुणाला दाखवावी लागू शकते का, याचे नियम ठिकाणागणिक वेगळे असतात. ते आणि ती किती काळ ठेवायची ते, संस्थेत पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या.