कोल्हापुरात घरगुती कार्यक्रमाला ४० माणसांचं मटणाचं जेवण: ताटाचा दर कसा सांगायचा?

"बारशाला ४० माणसं आहेत. मटणाचं ताट काय दरानं सांगू? उरलं तर काय?"

दर सांगण्याआधी किमान ताटं ठरवून घ्या. माणशी सव्वादोनशे ग्रॅम कच्चं मटण धरलं की ९ किलो लागतं. समजा भाव ८०० रुपये किलो आहे, तर ७,२०० झाले. तांदूळ, ज्वारीचं पीठ, खोबरं, नारळ, कांदा-लसूण चटणी, तेल मिळून ३,२०० धरा. गॅस आणि रिक्षा ८००, दोन मदतनीस बायका १,४००, तुमची मजुरी ३,४००. एकूण १६,०००, म्हणजे ताट ४००. यातले शेवटचे ५,६०० माणसं कमी आली तरी कमी होत नाहीत. ४० ताटांवर ते १४० पडतात, २५ वर २२४. म्हणून "४० ताटांचे पैसे नक्की, वर आलेल्यांचे वेगळे" असं आधीच बोलून घ्या आणि मटणासाठी निम्मी उचल घ्या.

एक बाई फक्त भाकरीला बसवा. दुसरी वाढायला आणि भांड्यांना. पंगत सुरू झाल्यावर भाकरीवरची बाई उठली की सगळं अडतं.

उरण्याचा खरा प्रश्न पांढऱ्या रश्श्याचा. नारळाचं दूध घातलेला रस्सा उकाड्यात लवकर आंबतो आणि पुन्हा खळखळून उकळला तर फुटतो. म्हणून आळणी वेगळी गरम ठेवा, दूध निम्म्यालाच घाला, उरलेलं दुसऱ्या पंगतीला. भातही दोनदा लावा. उरलेली आळणी आणि सुकं पंगत उठताच घरच्यांच्या डब्यात भरून द्या, लगेच फ्रीजमध्ये ठेवायला सांगा.