मेंबरशिप रद्द केली तरी कंपनी पैसे कापतेच आहे: वकिलाआधी कुठे जायचं?

प्रश्न: मुलाच्या ऑनलाइन क्लासची मासिक मेंबरशिप मी ॲपमधून रद्द केली, मेलही केला. कस्टमर केअरवाले 'रिक्वेस्ट प्रोसेसमध्ये आहे' एवढंच म्हणतात आणि खात्यातून पैसे कापले जातातच. वकिलाची नोटीस पाठवू का? साताऱ्यात राहतो, कंपनी बेंगळुरूची आहे.

उत्तर: नोटीस इतक्यात नको. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी तक्रार करा आणि मग 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर. दोन्हीला खर्च नाही. तिथे काम झालं नाही तर पुढे ग्राहक आयोगात लागणारे कागद याच टप्प्यांवर तयार होतात.

त्याहीआधी एक काम आजच उरकून टाका. यूपीआयवर ऑटोपे दिला असेल तर त्याच ॲपच्या ऑटोपे विभागात जाऊन त्या कंपनीचा मँडेट रद्द करा. कार्डावरून पैसे जात असतील तर बँकेच्या ॲपमध्ये ई-मँडेटमधून ते थांबवता येतं. मात्र मँडेट बंद केला म्हणजे मेंबरशिप रद्द झाली असं होत नाही. कंपनीच्या नोंदीत ती चालूच राहते आणि पुढे 'थकबाकी'चे फोन सुरू होतात. याच्या उलटही खरं आहे: कंपनीने मेंबरशिप रद्द केली तरी बँकेतला मँडेट जिवंत राहू शकतो. म्हणून दोन्ही वेगवेगळं करायचं आणि दोन्हीचे स्क्रीनशॉट ठेवायचे.

इथे एक अपवाद आहे. क्लासची फी एखाद्या फायनान्स कंपनीच्या कर्जातून हप्त्याने भरली असेल, तर हप्ता परस्पर बंद करू नका. ते कर्ज तुमच्या नावावर आहे, हप्ता चुकला की क्रेडिट स्कोअर बिघडतो. अशा वेळी क्लास आणि फायनान्स कंपनी दोघांनाही एकाच दिवशी लेखी कळवावं लागतं.

आता अधिकाऱ्याबद्दल. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 ऑनलाइन सेवा विकणाऱ्या कंपन्यांना लागू आहेत, ॲपवर चालणारे क्लासही त्यात आले. कंपनीने तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचं नाव, पद आणि संपर्क वेबसाइटवर किंवा ॲपवर दाखवणं त्या नियमांनुसार बंधनकारक आहे. तक्रार मिळाल्याची पोच 48 तासांत द्यायची आणि ती मिळाल्यापासून महिन्याभरात निकाली काढायची, ही मुदतही त्यातच आहे. कस्टमर केअरच्या चॅटवर तुम्ही कितीही वेळा बोललात तरी ही मुदत कधी सुरू झाली ते दाखवणं अवघड जातं. अधिकाऱ्याच्या पत्त्यावर गेलेल्या मेलला मात्र तारीख असते.

हा पत्ता पहिल्या पानावर सहसा नसतो. ॲपमध्ये किंवा वेबसाइटच्या तळाशी अटी-शर्ती किंवा प्रायव्हसी पॉलिसी उघडा आणि पार शेवटपर्यंत जा. कधी दोन अधिकारी दिलेले असतात, एक वैयक्तिक माहितीबद्दलच्या तक्रारींसाठी आणि दुसरा ग्राहकांसाठी. शंका असेल तर दोघांनाही एकाच मेलमध्ये घ्या. पत्ता सापडलाच नाही तर त्या पानाचा स्क्रीनशॉट काढा आणि बिलावरच्या नोंदणीकृत पत्त्यावर स्पीड पोस्टने पत्र पाठवा. अधिकाऱ्याचा तपशील न देणं हा स्वतंत्र नियमभंग आहे, तो पुढच्या तक्रारीत लिहिता येतो. कंपनीचा नंबर गुगलवर शोधू नका. तिथे ठगांनी पेरलेले नंबर असतात, आणि रिफंडच्या नावाखाली ओटीपी मागणारे लोक अशाच चिडलेल्या ग्राहकांची वाट पाहत असतात.

माझ्या वहिनीचं प्रकरण असंच होतं, त्यातले कागद मीच लावून दिले होते म्हणून तपशिलात सांगते. ती इथे सांगलीत विश्रामबागला राहते. मुलाच्या नववीच्या क्लासचे दर महिन्याच्या 5 तारखेला 1,499 रुपये जायचे. तिने 28 मे रोजी ॲपमधून मेंबरशिप रद्द केली. अटींप्रमाणे पुढच्या हप्त्याच्या तीन दिवस आधी कळवायचं होतं, म्हणजे ती मुदतीतच होती. तरीही 5 जून आणि 5 जुलै असे दोन हप्ते कापले गेले, एकूण 2,998 रुपये. 8 जुलैला तिने मँडेट बंद केला आणि 9 तारखेला आम्ही अधिकाऱ्याला मेल केला. मेल साधारण असा होता:

"विषय: 28 मे रोजी रद्द केलेल्या मेंबरशिपचे 2,998 रुपये परत मिळणेबाबत, ई-कॉमर्स नियम 2020 प्रमाणे तक्रार.
माझा नोंदणीकृत मोबाइल क्रमांक अमुक. मी 28 मे रोजी ॲपमधून मेंबरशिप रद्द केली, त्याची तुमची स्वयंचलित पोच सोबत आहे. त्यानंतर 5 जून व 5 जुलै रोजी प्रत्येकी 1,499 रुपये कापले गेले, व्यवहार क्रमांक सोबत आहेत. माझी मागणी: 28 मेपासून मेंबरशिप रद्द असल्याचे लेखी कळवावे, 2,998 रुपये त्याच खात्यात परत करावेत आणि पुढील वसुली करू नये. या तक्रारीचा क्रमांक कळवावा."

एवढंच. मुलाचा अभ्यास कसा बुडाला, कोण फोनवर किती उद्धट बोललं, हे सगळं खरं असलं तरी त्यात घालू नका. मेल वाचणाऱ्याला तारीख, रक्कम आणि मागणी या तीन गोष्टी लगेच दिसायला हव्यात. मेल मराठीत लिहिला तरी चालतो, पण कंपनी बाहेरची आहे, तेव्हा खाली तोच मजकूर इंग्रजीत दिलात तर भाषेची सबब उरत नाही.

पुराव्यात एक गोष्ट आयत्या वेळी लक्षात आली. वहिनीकडे रद्द केल्याच्या पानाचा स्क्रीनशॉट होता, पण त्यावर वरच्या पट्टीत फक्त वेळ होती, तारीख नव्हती. गॅलरीत तो फोटो उघडून त्याचा तपशील दाखवला की तारीख दिसते, त्या तपशिलाचाही स्क्रीनशॉट जोडला. सगळ्यात उपयोगी पडली ती कंपनीची स्वयंचलित पोच, 'तुमची विनंती मिळाली' एवढ्याच ओळीची. ती बहुतेक वेळा स्पॅममध्ये पडलेली असते, तिथे नक्की बघा. पासबुकातल्या त्या दोन नोंदी आणि व्यवहार क्रमांकही लागतात.

48 तास गेले तरी पोच आली नाही. महिना पूर्ण होईपर्यंत थांबलंच पाहिजे असं नाही. पोच न येणं हेच नियम मोडणं आहे आणि तेवढ्यावर हेल्पलाइनकडे जाता येतं. 1915 ला मराठीत बोलता येतं. फोन लागत नसेल तर consumerhelpline.gov.in वर नाव नोंदवून तक्रार भरा. तिथे कागद जोडता येतात, म्हणून मला तोच मार्ग बरा वाटतो. तक्रारीला एक डॉकेट क्रमांक मिळतो, तो जपून ठेवा.

हेल्पलाइनकडून काय अपेक्षा ठेवायची तेही स्पष्ट असू द्या. ती तुमची तक्रार कंपनीच्या ठरलेल्या विभागाकडे पोचवते, उत्तर मागवते आणि तडजोड घडवायचा प्रयत्न करते. कंपनीला हुकूम देण्याचा किंवा दंड करण्याचा अधिकार तिला नाही. तरी फरक पडतो, कारण तक्रार कॉल सेंटरच्या पोरांकडे न जाता निर्णय घेऊ शकणाऱ्या माणसाकडे जाते. हेल्पलाइनशी जोडून घेतलेल्या कंपन्या उत्तर देतात, बाकीच्या कधीकधी गप्प बसतात.

वहिनीच्या बाबतीत उत्तर आलं, पण नकाराचं: 'ग्राहकाने 6 जून रोजी सेवा वापरली आहे, त्यामुळे रिफंड लागू नाही.' झालं होतं असं की पैसे कापलेले पाहून मेंबरशिप खरंच रद्द झाली का, हे बघायला तिने ॲप उघडलं होतं. तेवढ्याला त्यांनी 'वापर' ठरवलं. आम्ही डॉकेट क्रमांक सांगून हेल्पलाइनला पुन्हा कळवलं की हे उत्तर मान्य नाही, आणि अधिकाऱ्यालाही त्याच मेलच्या साखळीत लिहिलं: 28 मेची पोच तुमचीच आहे, त्यानंतर एकही धडा पाहिलेला नाही, पाहिला असेल तर नोंद दाखवा. नोंद आली नाही. आधी एका महिन्याचे पैसे द्यायची तयारी दाखवणारा फोन आला, तिने 'लेखी कळवा' म्हणून ठेवून दिला. नंतर पूर्ण 2,998 रुपये खात्यात आले.

तुम्हालाही असे फोन येतील. 'दोन महिने मोफत देतो, चालू ठेवा' याला तोंडी हो म्हणालात तर रद्द करण्याची विनंती तुम्हीच मागे घेतली असं लिहून ठेवतील. तेव्हा जे काय असेल ते मेलवरच. आणि रद्द केल्यानंतर धडे पाहू नका, मुलालाही सांगा. पण ॲप फोनमधून काढायच्या आधी मेंबरशिपचं पान, बिलं आणि चॅट सगळं उतरवून घ्या.

महिना उलटूनही काही झालं नाही, किंवा उत्तर आलं पण नकाराचंच, तर सरळ जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे तुम्ही जिथे राहता तिथे तक्रार करता येते, म्हणजे साताऱ्यातच. बेंगळुरूला जावं लागत नाही. अटींमध्ये लवादाचं कलम, म्हणजे वाद कोर्टात न नेता खासगी मध्यस्थाकडेच सोडवायचा अशी अट, असेल तर त्याने घाबरू नका, त्यामुळे ग्राहक आयोगाचा रस्ता बंद होत नाही हे सर्वोच्च न्यायालयाच्या 2018 च्या निर्णयाने स्पष्ट आहे. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगाची फी नाही, वकील सक्तीचा नाही, तक्रार e-jagriti.gov.in वरून भरता येते. नोटीस देणं कायद्याने सक्तीचं नाही. तरी शेवटची संधी म्हणून पंधरा दिवसांची मुदत देणारं पत्र स्वतःच्या सहीने स्पीड पोस्टने पाठवा, आयोगासमोर ते चांगलं दिसतं. दोन-तीन हजारांसाठी वकिलाची फी भरणं मला पटत नाही. रक्कम मोठी असेल किंवा कंपनी उलट वसुलीची नोटीस पाठवू लागली, तर मात्र वकील घ्या.

आयोगात जायची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं आहे. कंपनीशी किंवा हेल्पलाइनशी पत्रव्यवहार चालू असला म्हणून ती वाढते असं धरून चालू नका. पहिला चुकीचा हप्ता कधी कापला ती तारीख आत्ताच लिहून ठेवा आणि तिथून मोजा.