दहा रुपयांचा कॉल

"काल दहा रुपयांचा कॉल पंचवीसला गेला, मी नुसता बघत बसलो. आज तसाच स्वस्त घेतला तर तो पडला. मग दुसरा, मग तिसरा. हात थांबतच नाही. काय करू?"

हे विचारणारा तरुण सातपूरच्या कारखान्यात शिफ्टला आहे. कॉल म्हणजे निफ्टी ठरलेल्या पातळीच्या वर गेला तर पैसे देणारा ऑप्शन. मी त्याचं मंगळवारचं, म्हणजे निफ्टीच्या ऑप्शनची मुदत संपते त्या साप्ताहिक एक्सपायरीचं, सौद्यांचं पान मागवलं. सकाळी सव्वानऊ ते दुपारपर्यंत अकरा सौदे. खरेदी-विक्री धरून बावीस ऑर्डर, प्रत्येकी वीस रुपये दलाली, म्हणजे 440 रुपये नुसते हात हलवल्याचे. कर वेगळा.

पहिला सौदा आम्ही कागदावर उलगडला. सोमवारचा कॉल वाढला, कारण तो दहाला असताना निफ्टी उसळला. मंगळवारी याने दहा रुपयांत घेतलेल्या कॉलची पातळी बाजारापासून दीडशे अंक वर होती. शेवटपर्यंत धरला, तर नुसते पैसे सुटायलाही निफ्टी त्याच दिवशी एकशे साठ अंक वर जायला हवा होता. बाजार जागेवर राहिला आणि अकरा वाजता कॉल चारवर आला. दिशा चुकली नव्हती, वेळ संपत होती. "स्वस्त" हा शब्द इथेच फसवतो. दहा रुपये ही किंमत कमी होती, कारण तिथे पोचण्याची शक्यता कमी होती.

त्याने स्वतःच रोजची तोट्याची मर्यादा ठरवली होती, पण ती टिकली नव्हती. "फक्त हजाराचाच आहे" म्हणत तो छोटे सौदे घेत राही. म्हणून आम्ही रुपयांऐवजी सौदे मोजले: दिवसाला दोन, तेही आदल्या रात्री वहीत लिहिलेलेच. दुसरा संपला की अॅपमधला किल स्विच दाबायचा, मग त्या दिवसापुरते एफ अँड ओ, म्हणजे फ्युचर्स-ऑप्शन्सचे, सौदे बंद.

दुसऱ्या आठवड्यात बायकोच्या नावावरचं खातं उघडून त्याने पळवाट काढली. बायकोनेच मला सांगितलं. तिचा पासवर्ड बदलला. (रागावले नाही मी, पळवाट सापडणं हेही उपयोगाचंच.)

खरा फरक पडला तो "सुटलेल्या" सौद्यांच्या वहीने. सकाळी साडेनऊला घ्यावासा वाटलेला प्रत्येक ऑप्शन किमतीसह लिहायचा, घ्यायचा नाही, आणि साडेतीनला पुन्हा किंमत लिहायची. तीन आठवड्यांत एकतीस नोंदी झाल्या. चार दुप्पट झाले, एकोणीस निम्म्याहून खाली गेले, बाकी मधेच रेंगाळले. अॅपच्या सर्वाधिक वाढलेल्यांच्या यादीत ते एकोणीस कधी दिसले नव्हते.

सेबीच्या 2024 च्या अहवालात, आर्थिक वर्ष 2022 ते 2024 मध्ये एफ अँड ओ करणाऱ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी 93 टक्के तोट्यात होते. तो आकडा त्याला आधीपासून माहीत होता, काही उपयोग झाला नव्हता. वही मात्र त्याच्या अक्षरात होती.

गेल्या मंगळवारी त्याने एकही सौदा केला नाही. पण नोंदी सात केल्या.