डायॲटॉमिक गॅसच्या डिग्री ऑफ फ्रीडम ५ धरायच्या की ७? कंपनाच्या कधी मोजायच्या? आणि हेलियमला फिरण्याच्या का नसतात?

नायट्रोजन, ऑक्सिजन किंवा हायड्रोजन असेल आणि तापमान खोलीचं असेल तर ५. पेपरात तेवढं लिहा आणि पुढचं गणित घ्या. पण "५ च, कारण दोन अणूंमधला बंध ताठ असतो" असं कुणी शिकवलं असेल तर ते डोक्यातून काढून टाका. याच वाक्यावरून माझं एका सहकाऱ्याशी चांगलंच वाजलं होतं.

तेव्हा मी एका खासगी क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचो. एक मुलगी केमिस्ट्रीतला गॅसच्या मोलर उष्माधारकतेचा तक्ता घेऊन स्टाफरूममध्ये आली. नायट्रोजनपुढे २९.१, क्लोरीनपुढे ३३.९ ज्यूल प्रति मोल प्रति केल्विन. "सर, दोन्ही डायॲटॉमिकच ना? मग एवढा फरक कसा?" आमचे ज्येष्ठ सर मान वर न करता म्हणाले, "त्यांचा क्लोरीन शुद्ध नसेल. तू ५/२ R लिही." ती गप्प बसली. मला बसवेना.

तक्त्यात बहुतेक वेळा Cp दिलेला असतो, हे आधी बघा. नायट्रोजनचा २९.१ म्हणजे ७/२ R. तो आकडा बघून पोरं समजतात की सातही डिग्री मोजल्या. तुमचा ७ कदाचित इथूनच आला असेल. त्यातून R, म्हणजे ८.३, वजा करा. उरतो Cv, २०.८. हा ५/२ R झाला: सरकण्याच्या तीन, फिरण्याच्या दोन, प्रत्येकीला अर्धा R. कंपन जागं झालं तर ते एकटंच पूर्ण R नेतं, कारण त्यात गतिज आणि स्थितिज अशा दोन्ही ऊर्जा असतात. म्हणून ५ नंतर ६ नाही, थेट ७.

आता क्लोरीन. ३३.९ मधून ८.३ गेले, २५.६ राहिले. ५ धरलं तर २०.८ यायला हवं, ७ धरलं तर २९.१. आलंय अधलंमधलं. मी तिथेच एका जुन्या उत्तरपत्रिकेच्या पाठीमागे गणित मांडलं. कंपनाची ऊर्जा रेणूला हवी तेवढी चिमूटभर घेता येत नाही, ती पायरीपायरीनेच चढते. पायरीच्या उंचीला बोल्ट्झमन स्थिरांक k ने भागलं की एक तापमान मिळतं, θ. क्लोरीनसाठी ते सुमारे ८०५ केल्विन. मग x = θ/T, आणि कंपनाचा Cv मधला वाटा असा:

R · x² · eˣ / (eˣ − 1)²

२९८ केल्विनला x = २.७. वाटा येतो ०.५६ R, म्हणजे ४.७. २०.८ मध्ये मिळवला की २५.५. तक्त्यातून काढलेला २५.६. नायट्रोजनचा θ ३,४०० केल्विनच्या आसपास, x अकराच्या वर, त्यामुळे त्याचा वाटा R च्या हजारात एक-दीड भाग. तो तक्त्यात दिसणार तरी कसा?

सर म्हणाले, "हे सिलॅबसमध्ये नाही." बरं, नसेल. पण म्हणून क्लोरीन अशुद्ध कसा होतो?

त्यांना तेव्हा विचारायचं राहून गेलं ते इथे विचारतो. १९१२ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ ऑयकेन यांनी हायड्रोजन थंड करत नेऊन मोजला, तेव्हा साधारण ६० केल्विनला Cv ३/२ R वर आला होता. म्हणजे डायॲटॉमिक गॅस हेलियमसारखा वागायला लागला. ताठ दांडासुद्धा फिरायला तर हवा ना? तो का थांबला? उत्तर तेच: फिरण्याचीही पायरी असते, हायड्रोजनला ती ताठपणाने नव्हे तर हलकेपणामुळे उंच पडते, आणि थंडीत ती चढण्याइतकी ऊर्जा धडकेतून मिळत नाही. प्रत्येक डिग्रीला अर्धा R देणारा समविभाजनाचा नियम या पायऱ्या जमेतच धरत नाही. kT पायरीपेक्षा बराच मोठा असेल तिथेच तो खरा.

हेलियमचंही यातच आलं. "अणू बिंदूसारखा असतो" हे अर्धवट उत्तर आहे. जवळजवळ सगळं वस्तुमान इवल्याशा केंद्रकात, त्यामुळे जडत्वाचं परिबल नगण्य आणि पायरी प्रचंड उंच. म्हणून Cv सरळ ३/२ R, १२.५. डायॲटॉमिक रेणूच्या बंधाच्या अक्षाभोवतीची तिसरी फिरकी याच कारणाने सोडतात.

वरचं सूत्र स्प्रिंग आदर्श धरून आहे आणि गॅसही आदर्श. क्लोरीनमधला ०.१ चा फरक त्यावर ढकलायला हरकत नाही, खूप वरच्या तापमानाला ते आणखी थोडं चुकतं. परीक्षेत "व्हायब्रेटिंग" किंवा "हाय टेम्परेचर" असा शब्द प्रश्नात दिसला तर ७ धरा, γ = ९/७. आयोडीनची वाफ दिली असेल तर शब्द नसला तरी ७ च जवळचं, त्याचा θ जेमतेम ३०८ आहे.