पडदा नेमकं काय करतो आणि नुसती हाडाची पावडर का पुरत नाही

प्रश्न: खालच्या दाढेच्या मुळाशी हाड खचलंय. डॉक्टर म्हणतात पडदा आणि बोन ग्राफ्ट घालून जीटीआर सर्जरी करू. नुसती हाडाची पावडर भरली तर चालणार नाही का? आणि हाड खरंच परत येतं का?

मी हिरड्यांच्या आजारांवरच काम करतो. जीटीआर म्हणजे गाइडेड टिश्यू रीजनरेशन, हिरडीखाली पडदा घालून दाताभोवतीचे तंतू आणि हाड पुन्हा वाढू देण्याची शस्त्रक्रिया. पावडर हा शब्द ऐकला की खड्ड्यात भर घातली, खड्डा बुजला असं चित्र डोळ्यांसमोर येतं. अडचण भर घालण्यात नाही, त्या जागेत आधी कोण शिरतं यात आहे.

हिरडी उघडून मूळ साफ केलं की त्या रिकाम्या जागेकडे चार प्रकारच्या पेशी निघतात: हिरडीची वरची त्वचा, त्याखालचा मऊ भाग, हाड, आणि मूळ व हाड यांना जोडणारे लिगामेंटचे तंतू. त्वचा सगळ्यांत वेगवान, दिवसाला साधारण अर्धा मिलिमीटर सरकते. ती मुळाला चिकटून खाली उतरली की जखम भरते, रक्त थांबतं, पण दात हाडाला बांधला जात नाही. मुळावर नवं सिमेंटम, म्हणजे मुळावरचं पातळ कठीण आवरण, आणि त्यात रुतलेले तंतू तयार करण्याची कुवत मुख्यतः लिगामेंटच्या पेशींत आहे आणि त्या सावकाश येतात. हा विचार संशोधक मेल्चर यांनी १९७६ मध्ये मांडला. १९८२ मध्ये स्वीडनमधल्या नायमन आणि सहकाऱ्यांनी, काढूनच टाकायचा होता अशा खालच्या पुढच्या दातावर तो करून पाहिला. हिरडी आणि मूळ यांच्यामध्ये त्यांनी प्रयोगशाळेतला गाळणकागद ठेवला, तीन महिन्यांनी दात भोवतालच्या हाडासकट काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासला, आणि मुळावर नवं सिमेंटम व त्यात शिरलेले तंतू दिसले.

म्हणजे पडदा स्वतः काही उगवत नाही. तो त्वचेला काही आठवडे बाहेर ठेवतो आणि मागून येणाऱ्या पेशींना वेळ मिळवून देतो. पूर्वी न विरघळणारे पडदे वापरत, ते चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा हिरडी उघडून काढावे लागत. आता बहुतेक ठिकाणी विरघळणारा कोलॅजनचा पडदा वापरतात. त्याची एक अडचण आहे: ओला झाला की तो मऊ पडतो आणि खड्ड्यात बसतो. खाली जागाच उरली नाही तर नव्या पेशी जिच्या आधाराने वाढतात ती रक्ताची गुठळी टिकणार कुठे? पावडरीचं काम इथे येतं. तंबूला खांब तशी ती पडद्याला. पुढे ती हळूहळू विरघळून तिच्या जागी हाड येतं किंवा तिचे कण नव्या हाडात अडकून राहतात, ते पावडर कशाची आहे त्यावर ठरतं.

दोन्हींची गरज किती, हे खड्ड्याच्या आकारावर ठरतं. खोल, अरुंद आणि तीन बाजूंनी हाडाच्या भिंती असलेला खड्डा गुठळीला आपोआप धरून ठेवतो. तिथे एकाच गोष्टीवर भागू शकतं, त्यामुळे तुमचा प्रश्न अगदीच चुकीचा नाही. खड्डा पसरट आणि एक-दोनच भिंतींचा असेल तर पडदा आणि पावडर दोन्ही लागतात. हाड सगळीकडे सारखंच खाली गेलं असेल, म्हणजे खड्डाच नसेल, तर ही शस्त्रक्रिया तिथे उपयोगाची नाही. एक्स-रेवर मूळ आणि खड्ड्याची भिंत यांच्यातला कोन २५ अंशांच्या आत असेल तर आम्हाला बरं वाटतं. ३७ च्या पुढे गेला की अपेक्षा कमी ठेवतो.

एका चाळिशीतल्या गृहस्थांचं उदाहरण सांगतो. डावीकडच्या खालच्या पहिल्या दाढेच्या पुढच्या बाजूला प्रोब, म्हणजे खोली मोजायची बारीक सळई, ९ मिलिमीटर आत जात होता. आधी डीप क्लीनिंग केलं आणि दोन महिने थांबलो. पॉकेट, म्हणजे दात आणि हिरडी यांच्यातली फट, ७ वर आलं, तरी प्रोब लावला की रक्त येत होतं. मग शस्त्रक्रिया ठरवली. भूल देऊन दोन दातांमधला हिरडीचा त्रिकोण शाबूत राहील असा छेद घेतला, कारण पुढे पडद्यावर झाकण त्याचंच असतं. खड्ड्यातला लालसर, स्पंजासारखा मांसल भाग पूर्ण खरवडून काढला. मुळाच्या खोबणीत काळपट किटण घट्ट बसलं होतं, सगळ्यांत जास्त वेळ तिथेच गेला. खड्डा ५ मिलिमीटर खोल निघाला, तळाशी तीन भिंती, वर दोनच. पावडर रक्तात कालवून भिंतींच्या उंचीपर्यंतच भरली. ठासून भरली तर रक्तवाहिन्यांना शिरायला वाव राहत नाही. पडदा खड्ड्याच्या कडेपासून दोन-तीन मिलिमीटर पुढे जाईल असा कापला आणि हिरडी ताण न देता वर ओढून टाके घातले.

त्यानंतर टाके काढेपर्यंत दोन आठवडे, आणि पुढेही काही आठवडे, त्या जागी ब्रश नाही. फक्त क्लोरहेक्सिडिनच्या चुळा आणि त्या बाजूने चावायचं नाही. सहा महिने तिथे प्रोब लावत नाही, कारण कोवळे तंतू त्याने तुटतात. वर्षाने पॉकेट ३ मिलिमीटर होतं आणि हिरडी १ मिलिमीटर खाली सरकली होती. पॉकेट ४ ने कमी झालं, पण दाताची खरी पकड वाढली ३ ने. उरलेला एक हिरडी आकसल्याचा. डॉक्टरांना हे दोन आकडे वेगवेगळे विचारा.

आता हाड परत येतं का, याबद्दल. येतं, पण बहुधा पूर्ण नाही, आणि एक्स-रे इथे फसवतो. गाई-बैलांच्या हाडापासून केलेली पावडर पहिल्याच दिवशी पांढरी दिसते आणि वर्षानुवर्षं तशीच दिसू शकते. तो पांढरेपणा नवं हाड असेलच असं नाही. खनिज काढून टाकलेलं मानवी हाड सुरुवातीला एक्स-रेवर दिसतच नाही, म्हणून पुढे उमटलेल्या पांढऱ्या सावलीला जास्त अर्थ असतो. असं हाड मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलच्या टिश्यू बँकेतून मिळतं, आपल्याकडे ते बरंच वापरतात. कोलॅजनचा पडदा गाय, डुक्कर किंवा मासा यांपासून केलेला असतो. कुणाला श्रद्धेमुळे यातलं काही चालत नसेल तर आधीच सांगा, बदल करता येतो. पावडर पूर्ण कृत्रिमही मिळते.

बिघडतं ते बहुतेकदा एकाच वाटेने: हिरडी उसवते आणि पडदा उघडा पडतो. टाक्यांपाशी पांढरट, मऊ कड दिसली, वास किंवा खारट चव आली, बारीक कण तोंडात आले, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता जा. लवकर कळलं तर चुळा आणि वरचेवर साफसफाई करून बरंच वाचवता येतं. कोलॅजन उघडं पडलं की जंतू ते झपाट्याने खातात, मग त्वचेला अडवायला काही उरत नाही.

तंबाखू, मिसरी, सिगारेट चालू असेल तर मी ही शस्त्रक्रिया पुढे ढकलतो. सिगारेट ओढणाऱ्यांत मिळणारी पकड न ओढणाऱ्यांच्या निम्म्याहूनही कमी आढळली आहे. दात हलत असेल तर आधी तो शेजारच्या दातांना बांधून घेतात, कारण गुठळी मुळावरून सुटली तर पुढचं काहीच होत नाही. तुमच्या डॉक्टरांनी पॉकेट, भिंती आणि कोन यांपैकी काय पाहून दोन्ही वापरायचं ठरवलं, ते एक्स-रे समोर ठेवून विचारा. प्रोबचे आकडे इथे लिहिलेत तर मीही पाहून सांगेन.